जुन्या पत्त्यावर पडून राहिलेली आयकराची नोटीस: या चुका टाळा

घर बदलल्यावर बँकेला नवा पत्ता कळवला जातो, पॅनच्या नोंदीत मात्र जुनाच राहतो, आणि मग आयकर खात्याचा लिफाफा तिथेच जातो. असा लिफाफा तीन-चार वर्षांनी हाती आला की पहिली चूक होते ती त्यावर छापलेल्या फोनवर किंवा लिंकवर चौकशी करण्याची. कागद बनावट असेल, तर तो क्रमांकही त्याच माणसांचा असणार. त्याऐवजी incometax.gov.in हा पत्ता स्वतः टाइप करून मुख्यपानावरील `Authenticate Notice/Order Issued by ITD` येथे नोटिशीवरचा डिन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी भरावा. लॉगिनची गरज नसते. डिन क्रमांक 1 ऑक्टोबर 2019 पासूनच्या पत्रव्यवहारावर असतो, त्यामुळे त्याआधीच्या कागदाची खातरजमा संबंधित कार्यालयाकडूनच करावी.

दुसरी चूक अधिक महाग पडते: नोटीस खरी निघाली म्हणून लगेच तिलाच उत्तर लिहायला बसणे. समजा, हातातली नोटीस 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 148ए खालची, म्हणजे जुन्या वर्षाची कर-आकारणी पुन्हा उघडण्यापूर्वी खुलासा मागणारी, 21 मार्च 2022 ची आहे आणि उत्तराला 28 मार्चपर्यंतची मुदत होती. त्या सात दिवसांचा हिशेब आता निरर्थक आहे, कारण प्रकरण तिथे थांबलेले नसते. लॉगिन करून `Pending Actions` मधील `e-Proceedings` उघडल्यावर त्यापुढची, आकारणी प्रत्यक्ष पुन्हा उघडणारी कलम 148 ची नोटीस, उत्तर न आल्याने कलम 144 खाली झालेला एकतर्फी आदेश आणि कराची मागणीही दिसू शकते. तसे असेल तर उत्तराची वेळ सरली आहे आणि मार्ग अपिलाचा आहे. मागणीची नोटीस बजावल्यापासून 30 दिवसांत ते करायचे असते, आणि उशीर झाला असल्यास माफीचा अर्ज कारणासह जोडावा लागतो. जुन्या नोकरीतला ई-मेल नोंदीत असेल, तर बजावणी तिथेच झाल्याचे खाते म्हणू शकते, म्हणून तोही तपासावा.

त्या अर्जासाठी लिफाफा हाच मोठा पुरावा ठरतो, आणि लोक नेमका तोच फेकतात. टपालाचा शिक्का, स्पीड पोस्टचा क्रमांक, घर सोडल्याचा करार आणि ज्यांनी लिफाफा आणून दिला त्यांची तारखेसह दोन ओळींची लेखी नोंद एकत्र ठेवावी.

प्रकरण अजून चालू असेल, तर उत्तर पोर्टलवरच द्यावे आणि पोच जपावी. कागद गोळा व्हायचे असतील, तर मुदत संपण्यापूर्वीच तिथून मुदतवाढ मागावी. मात्र नोटीस वेळेत मिळाली नाही ही हरकत पहिल्याच उत्तरात लिहावी. कलम 292बीबीनुसार, कामकाजात भाग घेतला आणि कर-आकारणी पूर्ण होण्यापूर्वी ही हरकत नोंदवली नाही, तर ती नंतर घेता येत नाही. त्याच दिवशी पॅनचा पत्ताही बदलून घ्यावा, कारण पोर्टलच्या प्रोफाइलमधला संपर्काचा पत्ता ही वेगळी नोंद आहे.