स्लो मोशन शूट करताना या चुका टाळा

माझ्याकडे एडिटला येणाऱ्या स्लो मोशनच्या क्लिप्समध्ये त्याच त्या दोन तक्रारी असतात: एकतर अंधार, नाहीतर लुकलुकणारा लाइट. दोन्हींवर शूटिंगच्या वेळीच उपाय करावा लागतो.

अंधाराचं कारण सरळ आहे. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर आपण शटर १/५० सेकंद ठेवतो, तर १०० फ्रेमला त्याच हिशेबाने १/२०० लागतं. म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश चौथा हिस्साच मिळतो, म्हणजे दोनदा निम्मा होऊन दोन स्टॉपची घट होते. घाईतला माणूस लगेच कॅमेऱ्याची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, ४०० वरून १६०० वर नेतो आणि सावल्यांमध्ये दाणेदार नॉइज दिसायला लागतो. मी आधी लाइट हलवतो. छोटा एलईडी दोन मीटरवरून एक मीटरवर आणला की त्या माणसावर पडणारा प्रकाश साधारण चौपट होतो, गेलेले दोन्ही स्टॉप परत मिळतात. मागची भिंत मात्र तेवढी उजळत नाही. तिला वेगळा लाइट द्यावा.

लुकलुकण्याची गोष्ट जास्त त्रासाची. एका हॉलमधल्या नाचाचं शूटिंग माझ्याकडे आलं होतं. पोरानं १२० फ्रेम, १/२५० शटर लावलेलं. शूट करताना कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर त्याला काही खटकलं नव्हतं. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर क्लिप ताणली आणि सगळा हॉल सेकंदाला चारेक वेळा उजळू-मंदावू लागला. वीज ५० हर्ट्झची असेल तर तिच्यावरचे बरेच लाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १२० फ्रेमशी त्याचा मेळ बसत नाही, सेकंदाला २० धडधडी उरतात आणि क्लिप ४.८ पट ताणली की त्या डोळ्यांना स्पष्ट दिसतात. लुकलुक घालवणारा डीफ्लिकर इफेक्ट लावून पाहिला, पण चेहऱ्यांवरून सरकणारे पट्टे गेले नाहीत. शेवटी ती क्लिप फेकावी लागली.

अशा हॉलमध्ये मी १०० फ्रेम आणि १/१०० शटर लावतो. प्रत्येक फ्रेममध्ये लाइटचा एक पूर्ण फेरा बसतो, धडधड थांबते. हालचाल थोडी जास्त पुसट येते, पण ती चालते. १२० फ्रेमला १/१०० लावताच येत नाही, कारण एका फ्रेमला तेवढा वेळच नसतो. जिथे वीज ६० हर्ट्झची असते तिथे १२० फ्रेम आणि १/१२० घ्या. आणि शूट सुरू करण्याआधी दहा सेकंदांची क्लिप तिथेच स्लो करून बघा. एवढाही धीर नसेल तर स्लो मोशनच्या वाटेला जाऊ नये.

उन्हात शटर १/२००० वर सोडू नका, हालचाल तुटक दिसते. लेन्समध्ये येणारा प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावा.

रिझोल्यूशनकडे तर कुणी बघतच नाही. सेन्सर तेवढ्या वेगाने सगळे पिक्सेल वाचू शकला नाही, की कॅमेरा फोर के सोडून १०८० वर येतो, कधी मधल्या ओळी गाळतो, कधी कडा कापतो. ओळी गाळल्या की बारीक चौकड्यांच्या कापडावर रंगीत लाटा उठतात, म्हणून मी साधे कपडे घालायला सांगतो. कडा कापल्या की फ्रेम अरुंद होते, म्हणून स्लो मोशनचा मोड लावल्यावरच मी लेन्स निवडतो. १०८० चं फुटेज एडिटमध्ये झूम करायचं नसतं, जवळचा शॉट हवा असेल तर तो जवळ जाऊनच घ्यावा.