एक बिल, दोन घरं: सबमीटरवरून भाडेकरूचा वाटा कसा काढावा

सबमीटर युनिट सांगतो, पैसे नाही. भाडेकरूचे ११२ युनिट झाले, यावर कुणाचं दुमत नसतं. वाद होतो तो एका युनिटला कोणता दर लावायचा, यावर. मुख्य बिलात सुरुवातीचे युनिट स्वस्त असतात आणि पुढचे महाग. मग स्वस्त युनिट कोणी वापरले? तारेतून आलेल्या विजेवर तसं काही लिहिलेलं नसतं, म्हणून ते आधीच ठरवून घ्यावं लागतं.

आधी मीटर तपासा

भाडेकरूच्या घराचा एमसीबी बंद करा आणि सबमीटरवरचा लाल दिवा पाहा. तो तरीही लुकलुकत राहिला, तर जिन्यातला दिवा किंवा तुमचंच एखादं सॉकेट त्या मीटरवर जोडलेलं आहे. आता एमसीबी चालू करा, बाकी सगळं बंद ठेवा आणि फक्त १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड लावा. मीटरवर ३२०० imp/kWh, म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा लुकलुक, असं लिहिलं असेल, तर दिवा मिनिटाला साधारण ८० वेळा लुकलुकायला हवा. व्होल्टेजमुळे थोडा फरक पडतो, पण आकडा १०० वर गेला तर मीटर बदला. ही तपासणी भाडेकरूसमोरच करावी.

रीडिंग एकाच दिवशी घ्या

मुख्य मीटरचं रीडिंग ज्या तारखेला होतं, त्याच दिवशी सबमीटरचा फोटो काढून दोघांकडे ठेवा. एक तारखेला भाड्यासोबत रीडिंग घ्यायची सवय सोयीची वाटते, पण मग बिलातले युनिट एका कालावधीचे आणि भाडेकरूचे दुसऱ्याच, असा घोळ होतो.

बिल तीन भागांत फोडा

पहिला भाग युनिटवर अवलंबून असलेला, म्हणजे वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन. दुसरा भाग स्थिर आकार. तिसरा भाग या सगळ्यावर टक्केवारीने लागणारं वीज शुल्क. मागची थकबाकी, उशिराचा दंड आणि जादा सुरक्षा ठेव आधीच बाजूला काढा. बिल वेळेवर न भरल्याचा दंड भाडेकरूच्या माथी मारू नये.

आता हिशेब

सोपे, मानलेले दर घेऊ. पहिले १०० युनिट ४ रुपयांनी, पुढचे ९ रुपयांनी, वहन आकार युनिटला दीड रुपया, स्थिर आकार १३० रुपये, शुल्क १० टक्के. इमारतीचे एकूण युनिट २८०, त्यातले भाडेकरूचे ११२, म्हणजे ४० टक्के.

वीज आकार ४०० अधिक १६२०, म्हणजे २०२०. वहन आकार ४२०. युनिटवरची रक्कम झाली २४४० रुपये.

भाडेकरू म्हणेल, "माझं वेगळं बिल असतं तर मला स्वस्त शंभर मिळाले असते." तसं मोजलं तर त्याचे ६७६ रुपये होतात. घरमालक म्हणेल, "तुमच्यामुळेच बिल वरच्या स्लॅबमध्ये गेलं." तसं मोजलं तर ११७६. दोघांमधलं अंतर बरोबर ५०० रुपये आहे: स्वस्त १०० युनिटांवर प्रत्येकी ५ रुपयांची सवलत. भांडण खरं तर एवढ्याच रकमेचं. दोघांनाही पूर्ण सवलत दिली, तर बिल भरताना ५०० कमी पडतील, कारण जोडणी एक असल्याने सवलतही एकदाच मिळते.

म्हणून ती वापराच्या प्रमाणात वाटावी. भाडेकरूला ४० टक्के, म्हणजे २०० रुपये. ११७६ मधून २०० वजा केले की ९७६. स्लॅबच्या भानगडीत न पडता २४४० चे ४० टक्के काढले तरी हेच उत्तर येतं, आणि दरमहा तेच करावं.

स्थिर आकार मात्र युनिटांवर वाटू नका. घर महिनाभर बंद असलं तरी तो येतोच. दोन घरं असतील तर निम्मा, म्हणजे ६५ रुपये, हे माझ्या मते सरळ. बेरीज १०४१, त्यावर शुल्क १०४.१०. भाडेकरूने द्यायचे ११४५ रुपये १० पैसे.

पंप आणि सरासरी बिल

सामाईक पंप सबमीटरच्या बाहेर असेल, तर त्याची वीज गुपचूप घरमालकाच्या वाट्यात जाते. एक हॉर्सपॉवरचा पंप तासाला सुमारे एक युनिट खातो. रोज अर्धा तास चालला तर महिन्याला १५ युनिट होतात. ते निम्मे भाडेकरूच्या युनिटांत मिळवून मगच टक्केवारी काढा.

कधी कधी रीडिंग न घेता सरासरी बिल येतं. त्या महिन्यात टक्केवारी मुख्य मीटरच्या खऱ्या युनिटांवरून काढा, बिलावरच्या नव्हे. त्यासाठी मुख्य मीटरचाही फोटो हवा. पैसे तात्पुरते घ्या आणि दुरुस्त बिल आल्यावर दोन्ही महिन्यांची बेरीज एकत्र वाटा.

ही पद्धत, पंपाचे युनिट आणि स्थिर आकाराचा वाटा भाडेकरारात लिहा. सबमीटरचं सुरुवातीचं रीडिंगही तिथेच नोंदवा, किल्ली देण्याआधी.