मराठी निवेदन मशीनकडून वाचून घेताना: विराम, उच्चार आणि ‘च-ज’चा घोळ

मजकूर टाकला, बटण दाबलं आणि निवेदन तयार, असं समजून या कामात येणारे बरेच असतात. बटण दाबेपर्यंत खरोखर काहीच कष्ट नाहीत, काम सुरू होतं ते त्यानंतर. मी माहितीपटांसाठी आणि शैक्षणिक व्हिडिओंसाठी असं निवेदन बनवतो. नव्याने शिकणाऱ्यांना मी एकच परिच्छेद देतो आणि तो शेवटपर्यंत नीट करायला लावतो. इथेही तेच करू.

हा परिच्छेद घ्या: ‘१६ एप्रिल १८५३ रोजी दु. ३.३० च्या सुमारास बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याकडे निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढलेल्या त्या गाडीला १४ डबे होते आणि त्यात सुमारे ४०० पाहुणे बसले होते. रुळांच्या दोन्ही बाजूंना गाडी पाहणाऱ्यांची गर्दी होती. ३४ कि.मी.चं हे अंतर जगण्याची गती बदलणार आहे, हे त्यातल्या किती जणांना जाणवलं असेल?’

डोळ्यांना हा मजकूर निर्दोष दिसतो. मशीनला दिलात की पहिल्याच वाक्यात ठेच लागते. ‘दु.’ मधल्या टिंबाला ते पूर्णविराम समजतं आणि ‘दु’ म्हणून थांबतं. ३.३० हे कधी ‘तीन पूर्णांक तीस’ होतं, कधी ‘तीन तीस’. १८५३ चं ‘एक हजार आठशे त्रेपन्न’ होतं, आणि सन असं कोणी बोलत नाही. ‘कि.मी.चं’ तर विचारूच नका: दोन टिंबं आणि शेवटी लोंबकळणारा ‘चं’. यासाठी टॅगबिग लावत बसू नये. निवेदनाची प्रत मूळ लेखापासून वेगळी ठेवावी आणि तिच्यात सगळं अक्षरी लिहावं: ‘सोळा एप्रिल अठराशे त्रेपन्न’, ‘दुपारी साडेतीनच्या सुमारास’, ‘चौतीस किलोमीटरचं’. साडे, दीड, अडीच हे शब्द मशीन आपणहून वापरेल या भरवशावर राहू नका.

त्याच वेळी एक अदृश्य गोष्ट तपासून घ्या. ‘पाहणाऱ्यांची’ हा शब्द कुणी ‘पाहणार्यांची’ असा टाइप केलेला असतो. वाचताना आपण ते सहज सांभाळून घेतो, पण मशीन ‘आचार्य’मधल्यासारखा ‘र्य’च्या आधीच्या अक्षरावर आघात देऊन वाचतं. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांत स्वयंपाकी आणि गुरू इतकं अंतर आहे, ते इथे कानाला ऐकू येतं. फाइलमध्ये ‘र्य’ शोधायचं आणि प्रत्येक ठिकाण बघायचं. सूर्य, कार्य, धैर्य बरोबर आहेत. दुसर्या, वार्यावर, पाहणार्या दिसले की ‘ऱ्य’ करायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते ऐकण्याच्या आधी व्हायला हवं.

आता मुख्य दुखणं. मराठीत च, ज, झ यांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत आणि लिपी ते दाखवत नाही. ‘चार’मधला च तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून येणारा; ‘चारा’मधला दंततालव्य, म्हणजे जीभ दातांजवळ नेऊन ‘त्स’सारखा येणारा. ‘जग’ म्हणजे दुनिया तेव्हा ज तालव्य, ‘जगणं’ म्हटलं की दंततालव्य. ‘जन’ आणि ‘जण’ यांतही तोच फरक. आपल्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य मी मुद्दाम असं रचलंय: जगण्याची, जणांना, जाणवलं. तिन्ही शब्दांच्या सुरुवातीचा ज दंततालव्य आहे. ते ‘जहाज’मधल्या ज सारखे न येता ‘जीवन’मधल्या ज सारखे आले, की ऐकणाऱ्याला लगेच परकेपणा जाणवतो, भले नेमकं काय चुकलं ते सांगता येवो न येवो.

हल्लीचे आवाज खऱ्या मराठी ध्वनिमुद्रणांवर शिकलेले असतात, त्यामुळे ‘माझा’, ‘चाक’, ‘पाच’ असे रोजचे शब्द बहुतेक बरोबर येतात. चुका होतात त्या कमी वापरातल्या शब्दांत, आडनावांत आणि गावांच्या नावांत. प्रत्येक च-ज तपासायची गरज नाही, कारण पुढे इ, ई, ए किंवा य आला की उच्चार तालव्यच होतो. म्हणून ‘घराचा’ दंततालव्य, पण ‘घराची’, ‘घराचे’, ‘घराच्या’ तालव्य. लक्ष द्यायचं ते अ, आ, उ, ऊ, ओ, औ पुढे असतील तिथे. त्यातही चंद्र, चरण, जल असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तालव्य राहतात. एवढी चाळणी लावली की यादी बरीच आटोपशीर होते.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. निवेदनाच्या सूचना लिहिण्यासाठी SSML नावाची खुणांची पद्धत आहे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिची पहिली आवृत्ती २००४ मध्ये प्रमाणित केली. तिच्यातला `phoneme` टॅग थेट ध्वनिलिपीतून उच्चार सांगतो, तर `sub` टॅग ‘लिहिलंय हे, वाच ते’ असं सांगतो.

```xml
<phoneme alphabet="ipa" ph="d͡zəɡəɳjaːt͡ʃi">जगण्याची</phoneme>
<sub alias="ज़णांना">जणांना</sub>
```

पहिला मार्ग नेमका आहे, पण बरेच आवाज तो मानतच नाहीत आणि तसं सांगतही नाहीत: मुकाट्याने मूळ शब्द वाचून पुढे जातात. मग माणूस उगाच ध्वनिचिन्हं बदलत बसतो. म्हणून आधी चाचणी घ्या. ‘घर’ या शब्दावर टॅग लावा आणि ध्वनिलिपीत ‘पाणी’ लिहा. ‘पाणी’ ऐकू आलं तर टॅग चालतो. ‘घर’ ऐकू आलं तर त्या आवाजापुरता हा मार्ग बंद.

दुसऱ्या मार्गात अक्षरांशी थोडी लबाडी करावी लागते. ज खाली नुक्ता, म्हणजे टिंब, दिला की काही आवाज तो दंततालव्याच्या जवळ नेतात. च ला नुक्ता दिल्याने मात्र सहसा काही होत नाही, तिथे ‘त्स’ लिहून पाहावं लागतं. ‘चारा’साठी ‘त्सारा’. हे एका आवाजात बेमालूम बसतं, दुसऱ्यात ‘त्’ आणि ‘सा’ सुटे ऐकू येतात. मग त्या वाक्यात ‘चारा’ऐवजी ‘वैरण’ लिहिता येते का ते पाहावं. लेखक कुरकुरतात, पण निवेदनात शब्द बदलणं ही हार नव्हे.

‘जाणवलं’मध्ये दुसराही सापळा आहे. शेवटचा अनुस्वार हा अनुनासिक नाही, तो फक्त लांबवलेल्या ‘अ’ची खूण आहे. काही आवाज तिथे चक्क ‘जाणवलम्’ म्हणतात. असं, केलं, घरं, किलोमीटरचं, सगळीकडे तेच. हा दोष एखाद्या शब्दाचा नसतो, त्या आवाजाचाच असतो. त्यामुळे आवाज निवडतानाच ‘त्यानं सगळं खरं सांगितलं’ असं वाक्य वाचून घ्यावं. म् ऐकू आला तर एक तर आवाज बदला, नाहीतर निवेदनाची सगळी भाषा ‘सांगितले, केले’ अशी लेखी वळणाची करा. शब्दाशब्दाला ठिगळं लावून हे सुधारत नाही, आणि अर्धं ‘केलं’ अर्धं ‘केले’ हे त्याहून वाईट.

विरामांबद्दल नवशिक्यांचा एक ठरलेला प्रकार असतो: निवेदन घाईचं वाटलं की जागोजाग `break` टॅग घालायचा. हा टॅग शांतता घालतो, पण आवाजाची चढउतार बहुतेक वेळा आहे तशीच ठेवतो. स्वल्पविराम मात्र सूरही बदलतो. तो दिला की आवाज किंचित वर राहतो आणि ‘अजून सांगायचंय’ असं कळतं. म्हणून आधी वाक्य आणि विरामचिन्हं नीट करावी, टॅग शेवटी.

आपलं दुसरं वाक्य बघा. ‘साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढलेल्या त्या गाडीला’ हा एवढा लांब भाग एका दमात जातो आणि मशीन ‘ओढलेल्या’पाशी श्वास घेतं. म्हणजे विशेषण इथे आणि गाडी पलीकडे. तिथे टॅग लावून काही साधत नाही. वाक्य मोडायचं: ‘गाडीला चौदा डबे होते, आणि त्यांत सुमारे चारशे पाहुणे बसले होते. ती ओढायला तीन इंजिनं जोडली होती. साहिब, सिंध आणि सुलतान.’ आता टॅगला जागा मिळाली:

```xml
ती ओढायला तीन इंजिनं जोडली होती.
<break time="350ms"/>
साहिब, सिंध आणि सुलतान.
```

‘आणि’च्या आधी थांबायचं, नंतर नाही. ‘की’ मात्र मागच्या क्रियापदाला चिकटून येतो: ‘म्हणाला की’, मग श्वास. माझा अंदाज असा बसलाय, की वाक्याच्या आत २०० मिलिसेकंदांच्या आसपास, दोन वाक्यांत ४०० ते ५००, परिच्छेद बदलताना ८०० च्या पुढे. पण पूर्णविरामाला आवाज स्वतःहूनही थांबतो, टॅगचा वेळ काही आवाजांत त्यात मिळवला जातो. खरी शांतता किती झाली ते ऑडासिटीसारख्या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये सपाट रेषेची लांबी बघून मोजावं.

ऐकताना संहिता समोर ठेवू नका. डोळ्यांपुढे शब्द असला की कान त्याला बरोबरच ऐकतो. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, खटकलं तिथली वेळ लिहायची, मग संहिता काढायची. एक शब्द चुकला तरी अख्खं वाक्य पुन्हा तयार करावं. तेवढा शब्द कापून जोडला की सूर तुटलेला कळतो.

सापडलेल्या दुरुस्त्या एका तक्त्यात ठेवा: मूळ शब्द, वाचायचं रूप, कोणता आवाज. या तक्त्यावरून शोधून-बदलताना विभक्तीचं भान हवं, कारण ‘जण’ बदलायला गेलात तर ‘जणू’ही बदलतं. पायथॉनमध्ये करणार असाल तर मूळच्या `re` मधला `\b` देवनागरीवर विसंबण्यासारखा नाही, तो काना-मात्रेपाशी शब्द संपला असं धरतो. तिथे `regex` हे वेगळं मॉड्यूल घ्या. आणि तक्त्यातला शेवटचा ‘आवाज’ हा रकाना गाळू नका. ‘ज़णांना’ ही एका आवाजाची दुरुस्ती दुसऱ्यात नवी चूक होऊ शकते. आवाज पुरवणाऱ्यांनी तो अद्ययावत केला, तर कालपर्यंत लागणारा नुक्ता आज काढावा लागतो. त्यामुळे जुन्या मालिकेत एखादं वाक्य घालायचं असेल, तर आधी तिच्यातलंच एक जुनं वाक्य पुन्हा तयार करून दोन्ही शेजारी ठेवून ऐका. ती जुळली नाहीत तर तो पूर्ण भागच नव्याने करावा लागेल.