चुकीच्या यूआयडीवर यूएसडीटी गेले, तर काय करावे?

समजा, तुम्ही एका क्रिप्टो एक्स्चेंजवरून भावाला 250 यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या मूल्याशी बांधलेली क्रिप्टो नाणी, पाठवले. त्याच एक्स्चेंजवरच्या त्याच्या यूआयडीचे, म्हणजे खाते क्रमांकाचे, शेवटचे चार आकडे 4719 होते, तुम्ही टाकले 4791. दोन सेकंदांत 'यशस्वी' असा संदेश आला, पण भावाच्या खात्यात काहीच जमा झाले नाही.

पहिल्यांदा व्यवहाराचा तपशील उघडा. त्यात ब्लॉकचेनचा लांबलचक हॅश, म्हणजे व्यवहाराची ओळख सांगणारी अक्षरे-आकड्यांची मालिका, नसून `Internal Transfer` किंवा `Off-chain` असे लिहिले असेल, तर पैसे ब्लॉकचेनवर गेलेलेच नाहीत. एक्स्चेंजच्या स्वतःच्या हिशेबात तुमच्या नावचे 250 कमी होऊन दुसऱ्याच्या नावावर चढले, एवढेच घडले आहे. म्हणून नेटवर्क फी लागली नाही आणि सगळे क्षणात झाले. ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या ब्लॉक एक्स्प्लोररवर शोधण्यात वेळ घालवू नका, तिथे काही सापडणार नाही.

आता स्थिती पाहा. तो यूआयडी अस्तित्वातच नसता, तर व्यवहार तिथल्या तिथे नाकारला गेला असता. स्थिती प्रलंबित दिसत असेल आणि रद्द करण्याचे बटण असेल, तर ते आधी दाबा. 'पूर्ण' दिसत असेल, तर 4791 वाला कुणीतरी खरा माणूस आहे आणि रक्कम त्याच्या ताब्यात आहे.

इथे बहुतेकांचा संताप होतो: हिशेब एक्स्चेंजच्याच हातात आहे, मग नोंद उलटी फिरवायला काय हरकत आहे? तांत्रिकदृष्ट्या ते शक्य असते. पण कुणी मोबाइल विकला, 250 यूएसडीटी घेतले आणि मोबाइल दिला. त्यानंतर खरेदीदाराने 'चुकून गेले' अशी तक्रार केली, तर? सपोर्टला दोन्ही तक्रारी सारख्याच दिसतात. तुमच्या शब्दावर समोरच्याच्या खात्यातून रक्कम काढली, तर कुठलाच विक्रेता सुरक्षित राहणार नाही. मला हा नियम योग्य वाटतो, तो आपल्याला कितीही महाग पडला तरी.

त्यामुळे सपोर्टकडून मागायची गोष्ट वेगळी आहे. 'व्यवहार रद्द करा' असे लिहिले, तर नकाराचे ठरावीक उत्तर येईल. 'प्राप्तकर्त्याशी संपर्क साधून परतीसाठी त्याची संमती विचारा' असे लिहा. अनेक एक्स्चेंज एवढे करतात, परिणामाची हमी मात्र देत नाहीत. समोरचा हो म्हणाला, तर तो स्वतः रक्कम परत पाठवतो किंवा सपोर्ट नोंद फिरवते. त्याने नकार दिला, उत्तरच दिले नाही किंवा रक्कम बाहेरच्या वॉलेटवर काढून नेली, तर सपोर्टचे हात बांधलेले असतात. त्याचे नाव, फोन किंवा ईमेलही ते तुम्हाला देणार नाहीत.

तक्रार ॲपमधल्या चॅटमधूनच, शक्य तितक्या लवकर करा. रक्कम खात्यात पडून आहे तोवरच संमतीचा उपयोग. ऑर्डर क्रमांक, नाणे, रक्कम, वेळ, चुकीचा आणि बरोबर यूआयडी हे सगळे पहिल्याच संदेशात द्या. नोंदीतली वेळ यूटीसीत असेल, तर भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असते, हे लक्षात घेऊन लिहा. सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे 4719 वर यापूर्वी केलेले व्यवहार आणि भावाने यूआयडी पाठवलेल्या चॅटचा स्क्रीनशॉट. त्यातून आकड्यांची अदलाबदल उघड दिसते. लवकर दखल घ्यावी म्हणून 'फसवणूक झाली' असे लिहू नका. त्या तक्रारीला पोलिसांचे कागद मागतात आणि पुढे तुमचेच म्हणणे विसंगत ठरते.

समोरचा ऐकतच नसेल, तर पुढचा रस्ता कायद्याचा आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 72 नुसार चुकून मिळालेली रक्कम किंवा वस्तू परत करणे बंधनकारक आहे. अडचण ही की, दावा कुणावर लावायचा ते माहीत नसते. ओळख उघड करणे किंवा खाते गोठवणे हे एक्स्चेंज सहसा न्यायालयाच्या आदेशावरून किंवा तपास यंत्रणेच्या अधिकृत मागणीवरूनच करते. एक्स्चेंज एफआययू-इंडिया या केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता यंत्रणेकडे नोंदणीकृत असेल, तर भारतातून अशी मागणी पोहोचवणे सोपे जाते. 250 यूएसडीटीसाठी वकिलाचा खर्च परवडतो का, याचा हिशेब आधी करा. मोठी रक्कम असेल, तर तक्रारीचा तिकीट क्रमांक आणि सगळ्या नोंदी घेऊन वकिलाकडे जा. 1930 ही हेल्पलाइन सायबर फसवणुकीसाठी आहे. स्वतःच्या हातून आकडा चुकला, तर ती तक्रार तिथे बसत नाही.

तक्रार चालू असताना टेलिग्रामवर कुणी 'सपोर्ट अधिकारी' म्हणून संपर्क केला आणि परतीसाठी आधी 20 यूएसडीटी शुल्क किंवा ओटीपी मागितला, तर तो चोर आहे. त्याला पैसे दिलेत किंवा ओटीपी सांगितलात, तर मात्र ती फसवणूक ठरते आणि तेव्हा 1930 ला लगेच फोन करायचा.