केळफूल: आदल्या संध्याकाळची तयारी

रविवारी दुपारी केळफुलाची भाजी करायची असेल तर काम शनिवारी संध्याकाळी सुरू करा. आमच्या नांदेडला अर्धापूरकडून केळी येतात. घडाच्या सगळ्या फण्या सुटल्या की शेतकरी खालचं फूल मोडून टाकतात, त्यामुळे ओळखीच्या शेतातून ताजं मिळतं. हातात जड लागणारं, पानं घट्ट मिटलेलं घ्या. देठाला नख लावल्यावर पांढरा चीक आला तर ते ताजं आहे. अर्धा किलोचं एक फूल सोलून दोन-अडीच वाट्या भरतं, चौघांना पुरतं.

फुलाला हात लावायच्या आधी तीन गोष्टी जवळ असाव्यात: जुना कपडा, वर्तमानपत्र आणि वाटीत गोडंतेल. करडईचं असो की शेंगदाण्याचं, तेल दोन्ही हातांना मनगटापर्यंत चोळा, नखांच्या कडांना जरा जास्तच. सुरीच्या पात्यालाही पुसा. काळा डाग या चिकाचाच असतो. चीक ताजा असताना पांढरा दिसतो, हवा लागली की तपकिरी होतो आणि मग काळा पडतो. हातावर तेल असलं की तो कातडीत मुरत नाही. कपड्यावर पडलेला डाग मात्र जात नाही, म्हणून साडी-ओढणी खोचून बसा. विळी किंवा सुरी लोखंडी नको, स्टीलची घ्या, कारण लोखंड लागलं की फुलातला तुरटपणा शाईसारखा काळा होतो. माझी पहिली भाजी अशीच लोखंडी कढईत केलेली होती. चव बरी होती, पण रंग पाहून मुलांनी ताट सारलं.

आता भांड्याची सोय करा, आणि हे चिरायच्या आधीच. मोठ्या पातेल्यात लिटरभर पाणी, त्यात वाटीभर आंबट ताक आणि चमचाभर मीठ. कळी चिरली की लगेच ताकात गेली पाहिजे, ताटलीत ढीग करून ठेवलात तर तो तुमच्या डोळ्यांदेखत काळा पडेल.

वरची चार-पाच जांभळी पानं एकेक करून उचला. प्रत्येक पानाखाली पिवळसर कळ्यांची एक ओळ असते. खरं बसून करायचं काम इथे आहे. कळी उघडून पाहा: आत मऊ तंतूंच्या मधोमध एक ताठ काडी दिसेल, डोक्यावर चिकट गोळी असलेली. ती शिजत नाही, दाताखाली दोऱ्यासारखी येते आणि कडवट लागते. कळीच्या बुडाशी बाहेरून नखाएवढा पारदर्शक पापुद्रा असतो, तोही चिवट. दोन्ही ओढून काढा. एकेक कळी उघडत बसण्यापेक्षा पूर्ण ओळ हातात धरा आणि टोकं तळहातावर हलकेच घासा, कळ्या आपोआप उमलतात आणि काड्या वर येतात. आतल्या थरांत कळ्या लहान होत जातात. काडी चिमटीत दाबल्यावर कापसासारखी दबली की पुढच्या कळ्या न निवडता घ्या. शेवटचा पांढरा गाभा तर तसाच बारीक चिरायचा.

चिरलेलं तरंगतं आणि वर राहिलेलं काळं पडतं, म्हणून त्यावर ताटली पालथी घालून वर वाटी ठेवा. रात्रभर राहू द्या. त्याच वेळी अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ वेगळी भिजत घाला.

हात धुताना आधी पाणी नको. चीक पाण्याने सुटत नाही, नुसता पसरतो. पुन्हा थोडं तेल चोळा, त्यावर बेसन भुरभुरा, गोळ्या होऊन सुटतील तसं झटका आणि मगच साबण लावा. नखात राहिलं तर लिंबाची फोड फिरवा.

सकाळी ताकाचं पाणी तपकिरी झालेलं दिसेल. ते ओतून द्या, कळ्या दोनदा धुऊन मुठीत घट्ट पिळा. नव्या पाण्यात मीठ घालून दहा मिनिटं उकळा आणि तेही पाणी टाका. आता एक तुकडा चावून पाहा. जीभ आखडली, घसा धरला तर नव्या पाण्यात पळीभर ताक घालून पुन्हा पाच मिनिटं उकळा. ही चव इथेच बघायची, कारण फोडणी पडल्यावर तुरटपणा कशानेही जात नाही, गुळानेही नाही.

पुढचं सोपं आहे. तीन चमचे तेलात मोहरी, जिरे, हिंग, ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता. डाळ परतून वाटीभर पाण्यात बोटचेपी शिजू द्या, मग केळफूल, हळद, दीड चमचा काळं तिखट, मीठ. झाकून दहा मिनिटं. शेवटी शेंगदाण्याचं कूट तीन चमचे आणि चिंचेचा कोळ चमचाभर. ज्वारीची भाकरी तव्यावर फुगत असतानाच ताटं घ्या.