स्नोबॉल केलंत, ठीक आहे. आता टक्केवारी काढू नका

स्थलांतरित मजुरांवरचा प्रबंध किंवा अहवाल तपासायला आला की मी आधी पद्धतीचं प्रकरण उघडते. ‘यादी उपलब्ध नसल्याने स्नोबॉल पद्धतीने ६० मुलाखती घेतल्या’ हे वाक्य तिथे ठरलेलं असतं. त्याला माझी काहीच हरकत नाही. ज्यांची कुठे नोंदच नाही किंवा जे नोंदीला घाबरतात, त्यांच्यापर्यंत ओळखीतून ओळख काढतच जावं लागतं, आणि स्नोबॉल म्हणजे हेच: एकाने पुढच्याचं नाव द्यायचं. माझं डोकं फिरतं ते पुढच्या प्रकरणात, कारण तिथे लगेच ‘७२ टक्के मजूर’ सुरू झालेले असतात.

यातली सर्वांत वाईट चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तीच आधी सांगते.

बांधकामावरच्या परगावच्या मजुरांना काम मिळतं कसं, हा माझ्या पहिल्या मोठ्या अभ्यासाचा विषय होता. ओळखीतल्या एका कार्यकर्त्याने एका मिस्त्रीची गाठ घालून दिली. माणूस बोलका, साइटवर सगळ्यांशी घसट असलेला. त्याने चार जण दिले, त्या चौघांनी आणखी दिले, थोडे इकडून-तिकडून आले आणि तीन आठवड्यांत ५८ मुलाखती हातात आल्या. त्यांतल्या ४९ जणांनी सांगितलं की काम नातेवाइकाने किंवा गाववाल्याने लावून दिलं. मी लिहून मोकळी झाले: ‘बहुसंख्य स्थलांतरित मजुरांना नात्यागोत्यातून काम मिळते.’

एका चर्चासत्रात हे वाचलं. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, “आणि तुम्हाला हे मजूर कुणी मिळवून दिले?” मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, “त्यांच्याच नातेवाइकांनी आणि गाववाल्यांनी.” सभागृहात हशा पिकला. का, ते मला घरी गेल्यावर कळलं.

त्या रात्री एका मोठ्या कागदावर कुणी कुणाला पाठवलं याचं झाड काढलं. ५८ पैकी ४७ जण त्या एकाच मिस्त्रीच्या फांद्यांवर होते आणि त्यांतले ४१ एकाच ठेकेदाराच्या दोन साइटवरचे. एजंटाने आणून सोडलेला, रोज सकाळी मजूर नाक्यावर एकटा उभा राहणारा, ठेकेदाराशी भांडून निघालेला, असा माणूस त्या झाडावर येणार कसा? त्याचं नाव सांगायला कुणी असायला हवं ना! म्हणजे नात्यातून काम मिळालेल्यांनाच मी नात्यातून गाठलं होतं आणि वर त्यांना विचारत होते की काम नात्यातून मिळालं का. ४९ हा आकडा माझ्या पद्धतीचा होता, मजुरांचा नव्हे.

म्हणून प्रश्नच ओळखीपाळखीचा असेल (काम कसं लागलं, खोली कशी मिळाली, आजारपणात कोण धावलं, एकटं वाटतं का), तर स्नोबॉलमधून त्याचं प्रमाण कधीही काढू नका. ‘माझं इथे कुणी नाही’ हे उत्तर देणारा माणूस साखळीत जवळजवळ येतच नाही.

दुसरी चूक जरा सभ्य दिसते, कारण ती तक्त्यात बसलेली असते. विषय ओळखीचा नसतो, मजुरी किंवा आजाराचा असतो, म्हणून लोकांना वाटतं की टक्केवारी चालेल. एक सोपा हिशेब करून बघा. समजा १०० मजूर आहेत. निम्मे कामावरच्या १२ जणांना ओळखतात आणि निम्मे फक्त ३ जणांना. ओळखी दोन्ही बाजूंनी आहेत आणि दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले आहेत असं धरू. पहिल्या गटाच्या ओळखी ६००, दुसऱ्याच्या १५०, एकूण ७५०. साखळी ओळखीवर चालते, म्हणून पुढचं नाव पहिल्या गटातलं निघण्याची शक्यता ७५० पैकी ६००, म्हणजे ८० टक्के. जो गट निम्मा आहे, तो तुमच्या वहीत ८० टक्के होऊन बसतो. कमी ओळखीचे लोक नवे आणि कमी मजुरीवरचे असतील, तर तुमची सरासरी मजुरी आपोआप चढते. मुलाखती ६० वरून ३०० केल्यात तरी ती चढलेलीच राहते.

प्रत्येकाला त्याच्या ओळखींच्या संख्येने भागून वजन दिलं, तर हा हिशेब परत निम्मा-निम्मा होतो. डग्लस हेकॅथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या रिस्पॉन्डंट-ड्रिव्हन सॅम्पलिंगमागे, म्हणजे उत्तर देणाऱ्यांनीच कुपनं देऊन पुढचे लोक आणायच्या पद्धतीमागे, साधारण हाच विचार आहे. पण त्यासाठी प्रत्येकाची ओळखींची संख्या विचारलेली लागते, कुणी कुणाला आणलं याची कुपनांवर नोंद लागते, प्रत्येकाला मोजकीच कुपनं द्यावी लागतात आणि साखळ्या लांब जाऊ द्याव्या लागतात. शिवाय लोक ओळखीतून कुणालाही सारख्याच शक्यतेने निवडतात हे गृहीत धरावं लागतं. इतकं करूनही शरद गोएल आणि मॅथ्यू साल्गानिक यांनी २०१० मध्ये दाखवलं की या पद्धतीत सांगितलेली त्रुटीची मर्यादा फसवी, फार अरुंद असते. तेव्हा चार कुपनं छापून वर हे भारदस्त नाव चिकटवणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

साध्या स्नोबॉलवर, गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे पाहणारी काय-वर्ग चाचणी लावून ‘फरक लक्षणीय’ असं लिहिणाऱ्यांशी तर मी वाद घालणंच सोडलंय. ती चाचणी प्रत्येक मुलाखत स्वतंत्र आहे असं धरते आणि तुमचे ४१ जण एकाच ठेकेदाराकडे कामाला असतात. गंमत म्हणजे लिओ गुडमन यांनी १९६१ मध्ये स्नोबॉलचं गणित मांडलं, तेव्हा पहिली फळी यादृच्छिक निवडीने घेतलेली होती आणि प्रत्येकाने ठरावीक संख्येने नावं द्यायची होती. आपण तेवढंच गाळलं आणि नाव ठेवलं.

बाकीच्या चुका थोडक्यात. ‘कुणीही मारहाणीचा उल्लेख केला नाही’ यावरून मारहाण होत नाही असं ठरत नाही. मुकादमाने पाठवलेला माणूस मुकादमाबद्दल काय बोलणार? ‘नवीन काही ऐकू येईना, म्हणून थांबलो’ हे त्या एका साखळीपुरतं खरं असतं. उत्तर देणाऱ्याकडून दुसऱ्याचा नंबर मागून घेऊ नका. आपला नंबर द्या, ज्याला बोलायचं असेल तो फोन करेल. याने वेळ लागतो, लागू द्या. आणि माणूस आणून देण्याचे पैसे मोठे ठेवलेत, तर मजूर नसलेलेही मजूर होऊन येतात.

माझ्या वहीत आता प्रत्येक मुलाखतीपुढे चार रकाने असतात: कुणी पाठवलं, कितवी पायरी, दोघांचं नातं काय आणि ‘या कामावरच्या किती जणांना नावाने ओळखता, जे तुम्हालाही ओळखतात?’ सुरुवात निदान सहा वेगवेगळ्या ठिकाणांहून करते आणि त्यांतले दोन जण तरी कुणाच्याही ओळखीशिवाय नाक्यावर उभं राहून गाठलेले असतात. एकाकडून तीनच नावं घेते. झाड दर दहा मुलाखतींनंतर काढते, शेवटी नाही. एका फांदीवर निम्म्याहून जास्त माणसं दिसली की ती फांदी तिथेच थांबवते, मग माणसं कितीही सहज मिळत असोत.

आणि लिहिताना? त्या जुन्या अभ्यासातलं वाक्य मी पुढे असं बदललं: ‘एका मिस्त्रीपासून सुरू झालेल्या साखळीतल्या ४७ मजुरांशी बोलल्यावर गाववाल्यामार्फत काम लागण्याची रीत तपशिलात कळली: आधी फोन, मग जामीन राहणं, मग पहिल्या महिन्याच्या मजुरीतून कपात.’ ही रीत अस्तित्वात आहे आणि ती कशी चालते, एवढं माझ्या ५८ मुलाखती ठामपणे सांगू शकत होत्या. ती किती जणांच्या वाट्याला येते, हे त्यांना कधीच माहीत नव्हतं. ‘बहुसंख्य’ हा शब्द मी खोडला, तेव्हा मार्गदर्शक म्हणाले, “मग निष्कर्षात उरलं काय?” मी जामिनाचं आणि कपातीचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.