कंपनीच्या स्थापनेच्या कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती: आरओसीला पत्र कसे लिहावे

प्रबंधासाठी एखाद्या जुन्या कंपनीचा मेमोरँडम, म्हणजे स्थापनेवेळी नोंदवलेली तिची सनद, हवा असतो आणि मार्गदर्शक म्हणतात, ‘झेरॉक्स चालणार नाही, प्रमाणित प्रत जोडा.’ मग विद्यार्थी दोन पानी पत्र लिहितो: संशोधनाचा विषय, त्याचे महत्त्व, ‘आपल्या सहकार्याबद्दल ऋणी राहीन’. रजिस्ट्रार ऑफ कंपनीज, म्हणजे आरओसीच्या कार्यालयात हे पत्र वाचणाऱ्या माणसाला यातले काहीच नको असते. कोणत्या कंपनीचे कोणते कागद शोधायचे आणि पैसे कोण भरणार, एवढेच त्याला कळायला हवे. कंपनी कायदा २०१३चे कलम ३९९ हा हक्क ‘कोणत्याही व्यक्तीला’ देते. त्यामुळे कागद का हवेत हे पटवून द्यावे लागत नाही. शुल्क मात्र आगाऊ भरावे लागते.

पत्राआधी एक काम करा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकून मास्टर डेटा उघडा. तिथे २१ अक्षरांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, मिळतो. किर्लोस्कर ब्रदर्सचे उदाहरण घेऊ. कंपनी १९२०ची आणि तिच्या वार्षिक अहवालांवर छापलेला सीआयएन असा:

```
L29113PN1920PLC000670
```

पहिले L म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. नोंदलेली नसेल तर U. पुढचे पाच आकडे उद्योगाचे. PN म्हणजे पुणे. पुणे आरओसीच्या जुन्या कंपन्यांच्या क्रमांकात MH ऐवजी हीच अक्षरे दिसतात. मग स्थापनेचे वर्ष, PLC म्हणजे पब्लिक लिमिटेड आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. फाइल शोधताना सगळ्यात कामाला येतात ते हे शेवटचे सहा आकडे. MH दिसले तर मात्र मुंबई असेच धरून चालू नका. मास्टर डेटात आरओसीचे नाव वेगळे दिलेले असते, तेच खरे. कंपनीची जन्मभूमी कुठलीही असो, पत्र जाते ते आज ती ज्या आरओसीच्या हद्दीत आहे तिकडे.

आता त्याच संकेतस्थळावर View Public Documents मध्ये बघा. १०० रुपये भरून त्या कंपनीचे सार्वजनिक कागद वाचता येतात. बऱ्याच जणांचे काम इथेच संपते आणि प्रमाणित प्रतीचा खर्च वाचतो, म्हणून मार्गदर्शकांना आधीच विचारून घ्या. प्रमाणित प्रतच लागणार असेल आणि कागद यादीत दिसत असेल, तर Get Certified Copies मधून मागणी नोंदवा. पत्राची खरी गरज पडते ती कागद यादीत नसेल तेव्हा. एमसीए-२१ ही ऑनलाइन व्यवस्था २००६ची, त्याआधीची नोंदणी सगळी कागदावर. काही जुने कागद स्कॅन होऊन यादीत आले आहेत, सगळ्यांचे तसे झालेले नाही.

मागायचे काय, हे कंपनीच्या वयावर ठरते. नोंदणीचे प्रमाणपत्र आणि मेमोरँडम हे दोन कागद सगळ्यांचेच. आर्टिकल्सच्या, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत कारभाराच्या नियमांच्या, बाबतीत एक खोच आहे. १९१३च्या कायद्याखाली शेअरने मर्यादित कंपनीला स्वतःचे आर्टिकल्स नोंदवण्याची सक्ती नव्हती. नोंदवले नाहीत तर कायद्याला जोडलेला नमुना नियमांचा तक्ता ‘अ’ लागू होई. म्हणून १९२०च्या कंपनीसाठी ‘आर्टिकल्स, नोंदवले असल्यास’ असे लिहायचे. २०२० नंतरच्या कंपनीसाठी नोंदणी अर्जाचा INC-32, मेमोरँडमचा INC-33 आणि आर्टिकल्सचा INC-34 ही फॉर्मची नावे लिहिली की चुकायला जागा उरत नाही. मधल्या काळात नाव बदलले असेल तर जुने नाव आणि नावबदलाचे प्रमाणपत्र, दोन्हींचा उल्लेख हवा. आणखी एक शब्द विसरू नका: ‘मूळ’. मेमोरँडममध्ये पुढे दुरुस्त्या होत जातात. नुसते ‘मेमोरँडम’ मागितले तर कालपरवाची दुरुस्त प्रत हातात पडू शकते, आणि तुमचा प्रबंध तर १९२०वर आहे!

पत्र एवढेच (केंद्र सरकारचे कार्यालय असल्याने पाठवताना इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा, इथे समजायला मराठीत देतो):

> प्रति,
> कंपनी निबंधक, पुणे
>
> विषय: कलम ३९९, कंपनी कायदा २०१३ अन्वये प्रमाणित प्रती मिळण्याबाबत
>
> महोदय/महोदया,
> किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड (सीआयएन L29113PN1920PLC000670) या कंपनीच्या पुढील कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मला हव्या आहेत:
> १. नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र
> २. नोंदणीवेळचा मूळ मेमोरँडम, सह्यांच्या पानासह
> ३. नोंदणीवेळचे मूळ आर्टिकल्स, नोंदवले असल्यास
>
> ही कागदपत्रे संकेतस्थळावरील यादीत दिसत नाहीत. यादीची छापील प्रत सोबत जोडली आहे. पानांची संख्या व एकूण शुल्क कळवावे, मी ते आगाऊ भरेन. एखादा कागद अभिलेखात नसल्यास तसे लेखी कळवावे.
>
> आपला/आपली,
> (नाव, पत्ता, मोबाइल, ईमेल, सही, तारीख)

शेवटचे वाक्य गाळू नका. कागद सापडलाच नाही तर ‘उपलब्ध नाही’ असे लेखी उत्तर प्रबंधाला जोडता येते. विद्यार्थी असल्याची ओळख हवी तर एका ओळीत द्या, तिने शुल्क माफ होत नाही. प्रमाणपत्राच्या प्रतीला १०० रुपये आणि इतर कागदांना पानाला २५ रुपये असा दर आहे. मेमोरँडम आणि आर्टिकल्स मिळून ४० पाने निघाली तर १,००० अधिक १०० असे १,१०० रुपये होतात. मुद्रांक शुल्क लागले तर ते वेगळे. खिसा हलका असेल तर पूर्ण प्रतीऐवजी उतारा मागा, कायद्यात त्याची सोय आहे. संस्थापक कोण आणि कोणी किती शेअर घेतले एवढेच हवे असेल, तर मेमोरँडमच्या शेवटचे सह्यांचे पान पुरते.

पत्र स्वतः दिलेत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पाठवलेत तर स्पीड पोस्टने. पुढे चौकशी करताना हा क्रमांक नसेल तर तुमचे पत्र आलेच नाही असे समजा.

‘माहिती अधिकारात दहा रुपयांत होईल की,’ असे आमच्याकडे शिकायला येणारी मुले हमखास म्हणतात. होत नाही. जे कागद कंपनी कायद्याखाली शुल्क भरून मिळतात, ते माहिती अधिकारात मागता येणार नाहीत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२मध्ये रजिस्ट्रार ऑफ कंपनीज विरुद्ध धर्मेंद्र कुमार गर्ग या प्रकरणात स्पष्ट केले. तेव्हा १९५६च्या कायद्याचे कलम ६१० लागू होते, आज त्याच्या जागी ३९९ आहे. असा अर्ज महिनाभराने परत येतो आणि तेवढा महिना वाया जातो.

प्रत हातात आली की आधी पाने मोजा. शुल्क जितक्या पानांचे भरले तितकी आहेत का, प्रमाणीकरणाची सही-शिक्का आहे का, सह्यांचे पान वाचता येते का, हे पाहा. जुन्या कागदाची शाई उडालेली असते आणि स्कॅनमध्ये नेमकी नावेच पुसट येतात. अशा वेळी आवक क्रमांक देऊन तेवढ्याच पानाची पुन्हा मागणी करा. नव्या कंपनीचे कागद असतील तर सह्यांच्या पानावर हयात माणसांचे घरचे पत्ते असतात. प्रबंधाला जोडताना ते झाका.